गाईडची वेळ मागणारा ईमेल: एका ओळीत उत्तर देता येईल असा कसा लिहायचा

प्रबंधाच्या कामासाठी गाईडची वेळ मागणारा ईमेल बहुतेकदा मोबाईलवर वाचला जातो. दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत, नाहीतर मीटिंगला सगळे जमेपर्यंत. वाचणाऱ्याला तेव्हा तीनच गोष्टी हव्या असतात: काम काय आहे, किती वेळ लागेल आणि कधी यायचं म्हणतेस. या तिन्ही गोष्टी मेलमध्ये सापडल्या तर "बुधवारी ११ ला ये" एवढं टाईप करून काम संपतं. एखादी जरी सापडली नाही तर मेल "नंतर निवांत बघू" या खात्यात जातो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर इतर मेलचा ढीग पडतो.

उत्तर आलं नाही की विद्यार्थी त्यात नाराजी शोधत बसतात. सर रागावलेत का, मॅडमना माझं काम आवडलं नाही का. खरं कारण सहसा साधं असतं: त्या मेलला उत्तर द्यायला कष्ट पडणार होते. हे कष्ट आपण आधीच उचलायचे, एवढंच या लेखात आहे. एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ.

उदाहरणातली विद्यार्थिनी रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेवर प्रबंध लिहिते आहे. दोन रुग्णालयांत मिळून २४ मुलाखती घ्यायचं ठरलं होतं. पहिल्या रुग्णालयातल्या १७ झाल्या. दुसऱ्या रुग्णालयाची परवानगी अडकली आहे. गाईडशी शेवटची भेट २२ ऑगस्टला झाली, तेव्हा मॅडमनी प्रकरण ३ चा खर्डा सप्टेंबरअखेर मागितला होता. आज ६ ऑक्टोबर आहे आणि खर्डा अर्धा आहे. म्हणजे ती ज्या अवस्थेत मेल लिहायला बसली आहे ती अगदी नेहमीची अवस्था आहे: काम थोडं झालंय, थोडं राहिलंय, आणि मध्ये दीड महिना काहीच कळवलेलं नाही.

पहिला मसुदा असा येतो

> विषय: भेटीबाबत
>
> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व. मागील काही दिवस काही अडचणींमुळे आपल्याशी संपर्क साधू शकले नाही. प्रबंधाचे काम सुरू आहे. प्रगतीविषयी आपल्याशी चर्चा करायची होती. आपल्याला जेव्हा वेळ असेल तेव्हा कृपया कळवावे, मी केव्हाही येऊ शकते.
> आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी

मेल नम्र आहे, शुद्ध आहे, आणि उत्तर देण्याजोगा नाही. मॅडमच्या जागी बसून वाचा. "प्रगतीविषयी चर्चा" म्हणजे दहा मिनिटांची की दीड तासाची? काही वाचून यायचं आहे का? खर्ड्याचं काय झालं? आणि "केव्हाही येऊ शकते" म्हटल्यावर आता मॅडमनी स्वतःची डायरी उघडायची, मोकळा वेळ शोधायचा, तो कळवायचा, मग त्या वेळेला हिचा दुसरा तास निघाला की पुन्हा शोधायचा. विद्यार्थिनीला वाटतं आपण सगळं मॅडमच्या सोयीवर सोडलं. झालं असं की सगळं काम मॅडमवर सोडलं.

आधी एक प्रश्न ठरवा

मेल लिहायला बसण्याआधी कागदावर एक वाक्य पूर्ण करा: "या भेटीतून बाहेर पडताना मला ___ हे ठरलेलं हवं आहे." रिकामी जागा भरता येत नसेल तर भेट मागायची वेळ अजून आलेली नाही. "प्रगती" हा शब्द त्या जागेत चालत नाही, कारण प्रगती ठरवता येत नाही, फक्त सांगता येते. आणि जे फक्त सांगायचं आहे ते मेलमध्येच सांगून टाकता येतं.

आपल्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा लिहिलं, "प्रकरण ३ बद्दल मार्गदर्शन." पुरेसं नाही. प्रकरण ३ का अडलं आहे? पद्धतीच्या प्रकरणात नमुना कसा निवडला ते लिहायचं असतं, आणि नमुना किती हेच पक्कं नाही. ते का पक्कं नाही? दुसऱ्या रुग्णालयाचं उत्तर आलेलं नाही. मग खरा प्रश्न सापडतो: १७ मुलाखतींवर थांबायचं, की उरलेल्या ७ साठी वाट पाहायची? असं दोन-तीनदा "का" विचारल्यावर साधारण खरी अडचण हाताला लागते. पहिल्या उत्तरावर थांबलं की भेटीतली पहिली पंधरा मिनिटं हेच खणण्यात जातात, तेही गाईडच्या वेळातून.

प्रश्न सापडला की स्वतःचा कल काय आहे तेही लिहून ठेवा. हे अनेकांना आगाऊपणाचं वाटतं. गाईड मोठे, आपण कसं सांगायचं? पण "काय करू?" या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी गाईडला तुमचं सगळं काम डोक्यात पुन्हा उभं करावं लागतं. "मला असं करावंसं वाटतं, यात काय चुकतंय?" या प्रश्नाला फक्त तपासावं लागतं. विद्यार्थिनीचा कल थांबण्याकडे आहे, कारण शेवटच्या चार मुलाखतींत आधी न आलेला एकही मुद्दा आला नाही. तिची शंकाही नेमकी आहे: सगळ्या मुलाखती एकाच रुग्णालयातल्या राहिल्या तर संशोधन प्रश्नातला "दोन रुग्णालयांची तुलना" हा भाग गळतो, मग प्रश्नच बदलावा लागेल का?

इथे एक गोष्ट तपासून घ्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो-नाहीत देता येत असेल, तर भेट मागूच नका. "संदर्भसूची प्रकरणवार द्यायची की शेवटी एकत्र?" हे मेलमध्ये विचारायचं आणि मोकळं व्हायचं. भेट त्यासाठी, जिथे एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघणार आहे. तसंच गाईडने भेटीसाठी ठरावीक तास ठेवले असतील, किंवा वेळ घेण्यासाठी एखादी लिंक दिली असेल, तर तीच वाट धरा. त्या वाटेने वेळ घेतली तरी कामाची माहिती देणारा छोटा मेल आधी पाठवावाच लागतो, आणि तो पुढे सांगतो तसाच असतो.

सब्जेक्ट

मोबाईलवर सब्जेक्टचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, बाकीचे कापले जातात. म्हणून महत्त्वाचं आधी. "भेटीबाबत", "विनंती", "महत्त्वाचे" हे शब्द कोणाच्याही मेलला लागू पडतात, त्यामुळे ते काहीच सांगत नाहीत. गाईडकडे प्रबंधाचे पाच-सहा विद्यार्थी असतील तर पाच-सहा "भेटीबाबत" येतात. आपल्या विद्यार्थिनीचा सब्जेक्ट असा झाला:

> प्रबंध: मुलाखतींचा निर्णय, २० मिनिटं, १४–१७ ऑक्टोबर

काम, वेळ, तारखा. तीन आठवड्यांनी मॅडमना हा मेल शोधायचा झाला तर "मुलाखतींचा" एवढं टाईप करूनही सापडेल. आणि "अर्जंट" हा शब्द, लाल उद्गारचिन्हाची खूण किंवा मेल वाचल्याची पावती मागणं, यांतलं काही नको. घाई खरी असेल तर ती तारखेने दाखवता येते, ते पुढे येईलच.

मागच्या भेटीच्या जुन्या मेललाच रिप्लाय करायचा की नवा मेल? विषय तोच चालू असेल तर रिप्लाय बरा, आधीचा संदर्भ खाली राहतो. पण ऑगस्टमधल्या "फीची पावती" या मेलखाली ऑक्टोबरमध्ये मुलाखतींचा निर्णय मागू नका. नवं काम, नवा मेल.

झालेला उशीर कसा लिहायचा

मेलमधली ही सगळ्यात अवघड जागा, आणि बहुतेक मेल इथेच फसतात. उशीर झालेला असतो, त्याची लाज वाटत असते, म्हणून तो दोन प्रकारे लपवला जातो. एक, "काम सुरू आहे" असं धूसर वाक्य टाकून. दुसरं, अडचणींची लांबलचक कहाणी सांगून. दोन्हींतून गाईडला हवी ती माहिती मिळत नाही: नेमकं किती झालं, किती राहिलं, आणि राहिलेलं कशावर अडलं आहे.

उपाय म्हणजे मागच्या भेटीत जे ठरलं होतं ते समोर ठेवायचं आणि त्याच्या शेजारी आजची स्थिती लिहायची. २४ पैकी १७ मुलाखती झाल्या. सतराही लिहून काढल्या. प्रकरण ३ सप्टेंबरअखेर द्यायचं होतं, अर्धं झालं आहे, नमुन्याच्या भागावर अडलं आहे. आकडे आणि तारखा आल्या की क्षमायाचनेची गरज आपोआप कमी होते. "अर्धं" हा शब्द लिहायला जड जातो खरा, पण "जवळजवळ पूर्ण" असं लिहून भेटीत अर्धं काढून दाखवणं त्याहून कितीतरी जड जातं. गाईडना विद्यार्थ्यांच्या "जवळजवळ"ची चांगलीच ओळख असते.

आजारपण किंवा घरची अडचण असेल तर एक वाक्य पुरतं: "सप्टेंबरमध्ये आजारपणामुळे तीन आठवडे काम बंद होतं, आता पुन्हा सुरू केलं आहे." त्यापुढचा तपशील गाईडने विचारला तर भेटीत सांगावा.

कधी उशीर गाईडकडूनही झालेला असतो. प्रकरण २ पाठवून दोन महिने झाले, सूचना आल्या नाहीत, त्यामुळे पुढचं काम थांबलं. हे मेलमध्ये लिहायचं की नाही? लिहायचं, पण गाऱ्हाणं म्हणून नको, भेटीतलं काम म्हणून लिहायचं: "१२ ऑगस्टला पाठवलेल्या प्रकरण २ बद्दलही शेवटची पाच मिनिटं बोलता येईल का? सोयीसाठी ते पुन्हा जोडलं आहे." तारीख आली, फाईल आली, आरोप आला नाही. मेल किती तारखेला गेला होता याची नोंदही राहिली, आणि पुढे कधी मुदतवाढ मागायची वेळ आली तर ती नोंद उपयोगी पडते.

वेळ कशी सुचवायची

आपल्याकडे मोठ्या माणसाला वेळ सुचवणं उद्धटपणाचं वाटतं. "आपण म्हणाल तेव्हा" हेच सभ्य वाटतं. यातून मार्ग असा: आधी दोन-तीन वेळा सुचवायच्या आणि मग "आपण म्हणाल तेव्हा" लिहायचं. मान राहतो, कामही होतं.

सुचवताना अर्ध्या तासाचे तुकडे देऊ नका. "मंगळवारी ३ ते ३.३०" असं दिलं की तेवढ्यात गाईड मोकळे असण्याची शक्यता कमीच. दोन-दोन तासांचे तीन पट्टे द्या, वेगवेगळ्या दिवशी, आणि त्यांतला एखादा सकाळचा असू द्या. गाईडचं वेळापत्रक तुम्हाला माहीत असतं. ज्या वेळी त्यांचा तास असतो तीच वेळ सुचवली की आपण लक्ष देत नाही हे कळतं. वारासोबत तारीख लिहाच. "येत्या मंगळवारी" हा शब्द शुक्रवारी वाचला तर एक मंगळवार, सोमवारी वाचला तर दुसरा. दोघं वेगवेगळ्या देशांत असाल तर कोणाच्या घड्याळाप्रमाणे तेही लिहायचं.

पहिली वेळ किती लांबची ठेवायची? साधारण एक आठवडा पुढची. कारण सरळ आहे: उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करायला मध्ये जागा राहिली पाहिजे. विद्यार्थिनी सोमवारी, ६ तारखेला मेल पाठवते आहे. पहिली वेळ मंगळवार १४ ची. म्हणजे शुक्रवारी, १० तारखेला आठवण करता येते आणि तोवर सुचवलेल्या तिन्ही वेळा शिल्लक असतात. उद्याची वेळ मागितली तर उत्तर येईपर्यंत ती उलटून गेलेली असते, आणि सगळं पहिल्यापासून लिहावं लागतं.

किती मिनिटं मागायची हे प्रश्नावरून ठरवा. एका निर्णयाला वीस मिनिटं धरा. दोन निर्णय असतील तर चाळीस. चार असतील तर दोन भेटी. वीस मागितली तर विसाव्या मिनिटाला उठायची तयारी ठेवा. वीस म्हणून तासभर बसणाऱ्याला पुढच्या वेळी वीस मिळत नाहीत.

सोबत काय जोडायचं

प्रकरणाचा चाळीस पानी खर्डा जोडून "कृपया वाचून ठेवावे" लिहिलं तर भेट लांबणीवर टाकायचं कारण तुम्हीच दिलंत. गाईड म्हणतात, वाचून झालं की कळवतो. आणि वाचून होत नाही. निर्णयासाठी लागेल तेवढंच एक पान जोडा. आपल्या विद्यार्थिनीच्या पानावर तीन गोष्टी आहेत: मुलाखतींचा छोटा तक्ता, कोणत्या मुलाखतीत किती नवे मुद्दे आले त्याची रांग, आणि संशोधन प्रश्नाची जुनी व सुचवलेली नवी अशी दोन रूपं. मुलाखत घेतलेल्या परिचारिकांची नावं त्यात नाहीत, फक्त क्रमांक आहेत. गाईडला पाठवतानाही हे पाळायचं, कारण मेल पुढे कोणाला फॉरवर्ड होईल सांगता येत नाही.

पान पीडीएफमध्ये द्या, म्हणजे मोबाईलवर मराठी अक्षरं आणि तक्ते विस्कटत नाहीत. फाईलचं नाव `final_new2` असं नको. `mulakhati_nirnay_2025-10-06.pdf` असं काहीतरी, ज्यात काय आणि कधीचं ते कळेल. अटॅचमेंटऐवजी ड्राइव्हची लिंक दिलीत तर ती लॉग-इन न केलेल्या विंडोमध्ये उघडून पाहा. परवानगी दिलेली नसली की गाईडसमोर "ॲक्सेस मागा" असा फलक येतो, तुम्हाला त्याची मेल येते तेव्हा तुम्ही झोपलेले असता, आणि वाचायची ती संधी गेलेली असते. मात्र मुलाखतींसारखी खासगी माहिती असलेली फाईल "लिंक असलेल्या कोणालाही" उघडी ठेवू नका. गाईडच्या पत्त्यालाच परवानगी द्या.

आता पूर्ण मेल

> विषय: प्रबंध: मुलाखतींचा निर्णय, २० मिनिटं, १४–१७ ऑक्टोबर
>
> मॅडम, नमस्कार.
>
> मुलाखती १७ वर थांबवायच्या की दुसऱ्या रुग्णालयाच्या परवानगीची वाट पाहायची, हे ठरवण्यासाठी आपली २० मिनिटं हवी आहेत.
>
> २२ ऑगस्टच्या भेटीनंतरची स्थिती: २४ पैकी १७ मुलाखती झाल्या आणि लिहून काढल्या. उरलेल्या ७ ज्या रुग्णालयात घ्यायच्या होत्या तिथे १० आणि २५ सप्टेंबरला विचारणा केली, उत्तर आलेलं नाही. प्रकरण ३ आपण सप्टेंबरअखेर मागितलं होतं. ते अर्धं झालं आहे, नमुन्याचा भाग या निर्णयावर अडला आहे. हे आधी कळवायला हवं होतं, त्याबद्दल क्षमस्व.
>
> माझा कल थांबण्याकडे आहे, कारण शेवटच्या ४ मुलाखतींत नवा मुद्दा आला नाही. पण मग दोन रुग्णालयांच्या तुलनेचा भाग गळतो, त्यामुळे संशोधन प्रश्न बदलावा लागेल का, याची खात्री नाही. बदल करायचा झाल्यास एथिक्स कमिटीकडे ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं आहे.
>
> मला पुढील वेळा जमतील:
> मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी ३ ते ५
> बुधवार, १५ ऑक्टोबर, सकाळी १० ते १२
> शुक्रवार, १७ ऑक्टोबर, दुपारी २ ते ४
> यांतली एकही सोयीची नसेल तर आपण सांगाल त्या वेळी येईन. ऑनलाइनही चालेल.
>
> एक पानाचा गोषवारा जोडला आहे. भेटीआधी तेवढा पाहिला तरी पुरेल.
>
> (पूर्ण नाव, अभ्यासक्रम व वर्ष, फोन)

पहिल्याच वाक्यात मागणी आहे, कारण मेलच्या यादीत सब्जेक्टखाली तेच वाक्य डोकावतं. "आपण कुशल असाल" तिथे बसलं असतं तर ती जागा फुकट गेली असती. क्षमा एकदाच मागितली आहे, आणि कशाची ते सांगून. घाई ३१ ऑक्टोबर या तारखेतून कळते, आणि ती तारीख विद्यार्थिनीच्या सोयीची नाही, कमिटीची आहे. ठरलेल्या आराखड्यात बदल केला की बहुतेक संस्थांत एथिक्स कमिटीला कळवावं लागतं, मग त्या बाबतीत गाईडची सही किंवा संमतीही लागते. अशी बाहेरची तारीख असेल तरच लिहा. नसेल तर बनवू नका.

सहमार्गदर्शक असतील तर त्यांना सीसीत ठेवायचं की नाही हे मुख्य गाईडच्या पद्धतीवर आहे. शंका असेल तर ठेवा, आणि मेलमध्ये तसं एका वाक्यात सांगा. गुपचूप बीसीसी मात्र कधीच नको. समोरच्याने "सगळ्यांना रिप्लाय" केला की दोघांचीही पंचाईत होते.

पाठवण्याआधी नाव, तारीख-वार आणि अटॅचमेंट पाहून घ्या. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्यासाठी मुळात ५ सेकंद मिळतात, सेटिंगमध्ये ती ३० पर्यंत वाढवता येतात. ती वाढवून ठेवा. अटॅचमेंट विसरल्याचं बरोब्बर दहाव्या सेकंदाला आठवतं. आणि रात्री दीडला लिहून झाला तरी शेड्युल करून सकाळी पाठवा, म्हणजे तो रात्रीच्या मेलच्या ढिगाखाली जात नाही.

उत्तर आलं नाही तर

शुक्रवारी सकाळी त्याच मेलला रिप्लाय करून आठवण करायची, म्हणजे जुना मेल आणि गोषवारा खाली जसाच्या तसा राहतो. नवा मेल लिहिला तर मॅडमना आधीचा शोधावा लागेल.

> मॅडम, नमस्कार. सोमवारच्या मेलची आठवण करून देते आहे. १४, १५ आणि १७ तारखेच्या तिन्ही वेळा अजून मोकळ्या आहेत. फक्त वार कळवला तरी पुरेल.

इतकंच. "माझा मेल आपल्याला मिळाला का?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "हो" एवढंच येऊ शकतं, आणि तुम्ही होतात तिथेच राहता. यानंतरही १४ तारखेपर्यंत काही आलं नाही तर तिसरा मेल नको. तास संपल्यावर दारात उभं राहून अर्धा मिनिट विचारा, विभागाच्या ऑफिसात मॅडम रजेवर आहेत का ते पाहा, किंवा त्या फोनवर मेसेज चालवून घेत असतील तर एक ओळीचा मेसेज करा. मेसेजवर मात्र सगळी कहाणी पुन्हा लिहायची नाही, "६ तारखेच्या मेलबद्दल" एवढंच.

उत्तर आलं तर

"बुधवारी ११ ला ये" आलं की त्याच दिवशी उलट कळवा: "बुधवार १५ ऑक्टोबर, सकाळी ११, आपल्या केबिनमध्ये. येते." वार, तारीख, वेळ आणि जागा पुन्हा लिहिल्याने गैरसमज असेल तर तो तिथेच दिसतो. मग मंगळवार आणि शुक्रवारच्या वेळा मोकळ्या करा, पण उत्तर येईपर्यंत त्या धरूनच ठेवायच्या असतात. सुचवलेली वेळ गाईडने निवडावी आणि तुम्ही "सॉरी, आता तिथे काम निघालं" म्हणावं, यासारखं वाईट काही नाही.

कधी उत्तर वेगळंच येतं. "आधी पूर्ण प्रकरण पाठव, मग भेटू." इथे अनेक विद्यार्थी गप्प होतात आणि महिनाभर गायब होतात, कारण प्रकरण तर अडलेलं आहे. असं झालं तर अडलेली जागा पुन्हा दाखवा: "नमुन्याचा भाग सोडून बाकीचं प्रकरण १३ तारखेपर्यंत पाठवते. तो एक भाग निर्णयानंतर पूर्ण करीन. तसं चालेल का?" गाईडला प्रकरण हवं आहे, तुम्हाला निर्णय हवा आहे, दोन्हींना वाट मिळते.

किंवा उत्तर येतं: "१७ वर थांब, तुलना काढून टाक. भेटायची गरज नाही." म्हणजे मेलनेच भेटीचं काम केलं. थोडं हिरमुसल्यासारखं होतं खरं, पण निर्णय मिळाला आहे. त्यावर एकच मेल करायचा: मी हे असं समजले, बदललेला प्रश्न असा आहे, कमिटीला पाठवायचा मसुदा अमुक तारखेपर्यंत देते.

भेट झाली तर त्याच संध्याकाळी, त्याच मेलखाली तीन-चार ओळी लिहायच्या. आपल्या विद्यार्थिनीने लिहिलं:

> मॅडम, आज ठरलं ते असं: मुलाखती १७ वर थांबवायच्या, प्रश्नातून तुलना काढायची, एकाच रुग्णालयाची मर्यादा प्रकरण ३ मध्ये स्पष्ट लिहायची. बदलाचा मसुदा २२ ऑक्टोबरला आपल्याकडे, प्रकरण ३ पूर्ण ५ नोव्हेंबरला. पुढची भेट बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळी ११. काही चुकलं असल्यास कळवावं.

पुढच्या भेटीची तारीख तिने केबिनमधून उठण्याआधीच विचारून घेतली होती. त्यामुळे नोव्हेंबरच्या भेटीसाठी मेल करायचा राहिलाच नाही. १० तारखेला फक्त गोषवाऱ्याचं एक पान पाठवायचं आहे.